रिव्ह्यूला नकार देताना पर्यायी रिव्ह्यूअर कसे सुचवावेत

जर्नलकडून रिव्ह्यूची विनंती येते आणि ती घेणं शक्य नसतं. अशा वेळी बरेच जण ईमेल तसाच पडू देतात. काही जण घाईत नकाराचं बटण दाबून मोकळे होतात. काही जण तो ईमेल थेट विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याला पाठवून ‘जरा बघशील का’ म्हणतात. पहिल्या प्रकारात संपादक दोन आठवडे वाट बघत बसतो. दुसऱ्यात त्याला पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं. तिसऱ्यात तर गोपनीयतेचा भंगच होतो. आणि नावं सुचवली, तरी ती इतकी मोघम असतात की संपादकाला वापरता येत नाहीत.

इथे फक्त तेवढाच भाग घेतला आहे: नकार द्यायचाच आहे, आणि संपादकाला खरोखर उपयोगी पडतील अशी दोन-तीन नावंही द्यायची आहेत. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो. समजा, नांदेडमधल्या एका महाविद्यालयात भूजलशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला मे महिन्याच्या सुरुवातीला एक विनंती आली. पेपर यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आहे आणि मुदत तीन आठवड्यांची. मे म्हणजे त्यांचा मान्सूनपूर्व पाण्याचे नमुने गोळा करायचा महिना. ते काम पावसाच्या आत संपवावंच लागतं, त्यामुळे रिव्ह्यू जमणार नाही.

## १. पहिल्या दिवशी वाचा, पण काही दाबू नका

विनंतीच्या ईमेलमध्ये साधारणपणे शीर्षक, सारांश, मुदत आणि उत्तराच्या लिंक असतात. लेखकांची नावं असतीलच असं नाही. रिव्ह्यूअरपासून लेखकांची नावंही लपवण्याची पद्धत असेल, तर ती दिसत नाहीत. पूर्ण पेपर बहुधा विनंती स्वीकारल्यावरच उघडतो.

आधी विनंती खरी आहे का ते पाहा. जर्नल ओळखीचं नसेल तर ईमेलमधल्या लिंकवर जाऊ नका. जर्नलचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा आणि संपादक मंडळात सही करणाऱ्याचं नाव आहे का ते बघा. तुमच्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या पेपरची विनंती ‘आदरणीय तज्ज्ञ’ म्हणून आली असेल, तर नावं सुचवायच्या फंदात पडू नका. तुम्ही दिलेले ईमेल पत्ते उद्या त्यांच्या जाहिरातींच्या यादीत जातील.

विनंती खरी असेल तर या टप्प्याची मुख्य शिस्त अशी: आधी नावं तयार करायची, मग नकाराचं बटण दाबायचं. जर्नलांच्या काही ऑनलाइन प्रणालींत ईमेलमधल्या लिंकवर एकदा क्लिक केलं की नकार लगेच नोंदला जातो. नावं लिहायची चौकट त्यानंतर दिसते किंवा दिसतही नाही. रिकाम्या हाताने त्या पानावर पोचलेला माणूस आठवेल ते नाव टाकतो, आणि ते बहुतेक वेळा सर्वांना आठवणारंच नाव असतं.

पण नावं शोधण्याच्या निमित्ताने आठवडा घालवू नका. दोन दिवस ही माझ्या मते वरची मर्यादा आहे. दोन दिवसांत चांगली नावं सापडली नाहीत, तर नावांशिवाय नकार द्या. उशिरा आलेल्या तीन नावांपेक्षा वेळेवर आलेला कोरा नकार संपादकाला बरा.

> सावधान: पेपर नुसता वाचायला मिळावा म्हणून विनंती स्वीकारून मग नकार देऊ नका. नकाराचा निर्णय सारांशावरूनच घ्यायचा असतो. पूर्ण पेपर हाती आल्यावर तुमच्यावर गोपनीयतेची जबाबदारी येते, आणि मधल्या काळात संपादकाने इतर नावं बाजूला ठेवलेली असतात.

## २. नकाराचं कारण स्वतःपुरतं नीट ठरवा

वेळ नाही, विषय आपला नाही, किंवा हितसंबंध आड येतात, अशी तीन कारणं असतात. तिन्हींसाठी एकच साचेबद्ध वाक्य लिहिणं ही मोठी चूक आहे, कारण नावं द्यायची की नाही आणि कशी द्यायची, हे कारणावरच ठरतं.

वेळेचं कारण सगळ्यांत सोपं. विषय तुमचा आहे, लेखकांशी संबंध नाही, म्हणून तुमच्या सूचनेला वजन असतं. इथे जरूर नावं द्या.

विषय तुमचा नसेल तर नेमका कोणता भाग तुमचा नाही ते सांगा. ‘माझ्या विषयाबाहेरचा’ एवढ्यावर संपादकाला काहीच कळत नाही. ‘रसायनशास्त्राचा भाग मी पाहू शकलो असतो, पण मॉडेलचा नाही’ असं लिहिलं, की कोणत्या प्रकारचा माणूस हवा ते त्याला समजतं. आणि जो भाग आपल्याला कळत नाही, त्या भागासाठी आपण नाव सुचवताना आपला अंदाज कच्चा असतो, हेही त्याला सांगून ठेवा.

हितसंबंधाच्या वेळी फार जपून. लेखकांपैकी कुणासोबत तुम्ही अलीकडे पेपर लिहिला असेल, एकाच संस्थेत असाल, मार्गदर्शक-विद्यार्थी नातं असेल, तर ते स्पष्ट कळवा. नावं द्यायची असतील तर तुमच्या आणि त्यांच्या वर्तुळाबाहेरचीच द्या. पण तुम्ही स्वतः त्याच प्रश्नावर पेपर लिहीत असाल, म्हणजे स्पर्धा असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की एकही नाव देऊ नये. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी उद्या तो पेपर नाकारला गेला, तर त्या नावांकडे संशयाने पाहिलं जाईल. संपादकीय नीतिनियमांसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेच्या रिव्ह्यूअरसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच आहे: पर्यायी नावं योग्यता पाहून सुचवावीत, वैयक्तिक कारणाने किंवा पेपरचा विशिष्ट निकाल लागावा म्हणून नव्हे.

लेखकांची नावं लपवलेली असतील, पण सारांशावरून कुणाचा पेपर आहे ते तुम्हाला ओळखू आलं, तर तो अंदाज फक्त संपादकाला सांगा: ‘हे काम बहुधा माझ्या ओळखीच्या गटाचं आहे, आम्ही सहलेखक आहोत.’ इतर कुणालाही नाही.

तपासणी: कारण एका वाक्यात लिहून बघा. त्यात पेपरच्या दर्जाविषयी एकही शब्द आला असेल तर तो काढा. ‘सारांश फारसा पटला नाही’ असं नकारासोबत कळवणं म्हणजे पेपर न वाचता मत देणं. संपादकाच्या मनात ते राहतं आणि लेखकाला त्याचं उत्तर देण्याची संधीच मिळत नाही.

आपल्या उदाहरणात कारण वेळेचं आहे. लेखकांची नावं दिसत आहेत आणि त्यांच्यापैकी कुणाशी प्राध्यापिकेचा संबंध नाही.

## ३. सारांशाचे तुकडे पाडा

बहुतेक जण इथेच घसरतात. ‘फ्लोराइडवर काम करणारं कोण आहे?’ असा एकच प्रश्न विचारून शोधायला लागतात. पण एका पेपरमध्ये बहुधा दोन-तीन वेगळी कौशल्यं लागतात, आणि संपादकाची अडचण त्यांतल्या अवघड कौशल्याचीच असते. सोप्या भागाचे रिव्ह्यूअर त्याला आधीच मिळालेले असतात.

उदाहरणातला सारांश असा: विहिरी आणि कूपनलिकांतून नमुने घेतले, फ्लोराइड आणि इतर आयन मोजले. ‘रँडम फॉरेस्ट’ या मशीन लर्निंगच्या पद्धतीने न मोजलेल्या गावांतल्या फ्लोराइडचा अंदाज बांधला. शेवटी लहान मुलांना पाण्यातून किती मात्रा पोचते याचा हिशोब केला.

यातून तीन प्रश्न निघतात.

पहिला, पाण्याच्या रसायनाचा. फ्लोराइड कुठे का वाढतं, हे लेखकांनी नीट मांडलं आहे का? पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असेल तर फ्लोराइड विरघळून राहायला वाव मिळतो, कारण कॅल्शियम भरपूर असलं की ते कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपाने बाहेर पडू शकतं. हे नातं लेखकांच्या आकड्यांत दिसतं का, हे कठीण खडकातल्या भूजलाचं रसायन जाणणारा माणूसच सांगू शकेल.

दुसरा, मॉडेलचा. शेजारशेजारच्या विहिरींचं पाणी एकमेकांसारखं असतं. त्यातल्या काही मॉडेल शिकवायला आणि काही तपासायला, अशा चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तर तपासणीतले गुण फुगतात, कारण मॉडेलने जवळजवळ तेच पाणी आधी पाहिलेलं असतं. दूरच्या गावासाठी ते तितकं चालेल याची खात्री नसते. हे पकडायला भूगोलात पसरलेल्या आकडेवारीवर काम केलेला माणूस हवा. नुसतं मशीन लर्निंग येणारा पुरत नाही.

तिसरा, आरोग्याच्या हिशोबाचा. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला १.० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडाही १.५ आहे. पण मुलांच्या मात्रेचा हिशोब मुलं दिवसाला किती पाणी पितात आणि त्यांचं वजन किती, या गृहीतकांवर हलतो. विदर्भातल्या मे महिन्यात पिण्याचं प्रमाण काय धरलं आहे, हा प्रश्न विचारणारा माणूस इथे लागतो.

तीन प्रश्नांसाठी तीन माणसं हवीतच असं नाही. पण प्रत्येक सुचवलेल्या नावासमोर ‘हा कोणता प्रश्न सोडवेल’ हे तुम्हाला लिहिता आलं पाहिजे.

## ४. नावं शोधा, आठवू नका

आठवणारं पहिलं नाव सोडून द्यायचं. ते नाव संपादकालाही आठवलेलं असतं, आणि त्या माणसाकडे बहुधा अशा विनंत्यांचा ढीग पडलेला असतो.

तुकड्यातले शब्द घेऊन गेल्या तीन ते पाच वर्षांतले पेपर शोधा. गूगल स्कॉलरवर डाव्या बाजूला वर्षाची मर्यादा लावता येते. सारांशाचा पूर्ण मजकूर मात्र कुठल्याही सार्वजनिक सेवेत चिकटवू नका. तो अजून अप्रकाशित आणि गोपनीय आहे. दोन-तीन सर्वसाधारण शब्दांनी काम भागतं:

```
fluoride groundwater "hard rock" hydrogeochemistry
"random forest" groundwater "spatial cross-validation"
```

निकालात आलेल्या पेपरच्या ज्येष्ठ लेखकाकडेच नव्हे, पहिल्या लेखकाकडेही बघा. पीएचडी होऊन तीन-चार वर्षं झालेला, स्वतःच्या नावावर दोन-तीन चांगले पेपर असलेला संशोधक रिव्ह्यू मन लावून आणि अनेकदा वेळेत करतो. त्याला अजून संपादकांच्या याद्यांत जागा मिळालेली नसते, म्हणून तुमच्या सूचनेचा खरा उपयोग इथेच होतो. अजून पीएचडी करत असलेल्या विद्यार्थ्याचं नाव मात्र स्वतंत्र रिव्ह्यूअर म्हणून सुचवू नका. काही जर्नलं ज्येष्ठ रिव्ह्यूअरसोबत विद्यार्थ्याला सहभागी करू देतात, पण त्यासाठी त्या रिव्ह्यूअरने संपादकाची परवानगी घ्यावी लागते.

भारतातल्या तज्ज्ञांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘विद्वान’ ही सूची आहे. तिथे विषय आणि संस्थेनुसार प्राध्यापक सापडतात. पण तिथली माहिती ज्याची त्याने भरलेली असते, म्हणून ती सुरुवातीसाठी वापरा आणि पुढे पेपर पाहून खात्री करा. भारतातल्या भूजलावरचा पेपर आहे म्हणून सगळी नावं भारतातलीच द्यावीत असंही नाही. फ्लोराइडचा प्रश्न पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतही गंभीर आहे, आणि तिथे काम केलेला माणूस रसायनाचा भाग उत्तम तपासू शकतो.

पाच ते सात नावांची कच्ची यादी झाली की थांबा. त्यातली निम्मी पुढच्या टप्प्यात गळतील.

## ५. गाळणी लावा

प्रत्येक नावाला चार प्रश्न विचारायचे.

लेखकांशी संबंध आहे का? लेखकांची नावं दिसत असतील तर जोडीने शोधा. गूगल स्कॉलरवर असं लिहिलं की दोघांचे एकत्र पेपर दिसतात:

```
author:"लेखकाचे नाव" author:"सुचवायचे नाव"
```

नावं अर्थातच पेपरवर छापली जातात तशी, रोमन लिपीत टाकायची. आद्याक्षरांत आणि पूर्ण नावात, दोन्ही प्रकारे शोधा. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे छापलेलं असतं. किती वर्षांपूर्वीचं सहलेखन चालतं, हे जर्नलनुसार बदलतं. काही जण तीन वर्षं धरतात, काही पाच. जर्नलच्या सूचनांत काही लिहिलं नसेल तर पाच धरा.

माझ्याशी संबंध आहे का? तुमचा मार्गदर्शक, विद्यार्थी, नेहमीचा सहलेखक किंवा त्याच विभागातला माणूस सुचवणं अगदी निषिद्ध नाही, पण ते उघड सांगावं लागतं. तीन नावांपैकी तिन्ही तुमच्याच गटातली असतील तर ती सूचना राहत नाही, शिफारस होते.

हा माणूस आजही हेच काम करतो का? आठ वर्षांपूर्वी फ्लोराइडवर पेपर लिहिला आणि आता प्रशासनात आहे, असा माणूस विनंतीला उत्तर देत नाही. शेवटचा संबंधित पेपर कोणत्या वर्षाचा ते बघा.

या माणसाचं मत मला आधीच माहीत आहे म्हणून मी त्याला निवडतोय का? हा प्रश्न टाळू नका. विशिष्ट पद्धतीचा कट्टर विरोधक किंवा कट्टर समर्थक सुचवणं म्हणजे नकार देऊनही निकाल ठरवणं.

उदाहरणातली गाळणी अशी झाली. प्राध्यापिकेने सात नावं काढली. एक जण लेखकांपैकी एकासोबत गेल्याच वर्षी छापलेल्या पेपरमध्ये सापडला, तो गळला. दुसरे त्यांचे स्वतःचे पीएचडीचे मार्गदर्शक. निवृत्त झाले आहेत आणि या विषयावर अलीकडे काही लिहिलेलं नाही, तेही गळले. तिसरी व्यक्ती यवतमाळमध्येच लेखकांच्या शेजारच्या प्रकल्पावर काम करते, म्हणजे स्पर्धा. चौथा मशीन लर्निंगचा जाणकार, पण भूगोलाशी संबंधित आकडेवारीवर त्याचा एकही पेपर नाही. राहिली तीन नावं: दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातल्या एक भूरसायनतज्ज्ञ, भूजलाच्या मॉडेलवर काम करणारा परदेशातला एक तरुण संशोधक, आणि पाण्यातून होणाऱ्या मात्रेचा हिशोब करणाऱ्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापिका.

> सावधान: राहिलेल्या लोकांना फोन करून ‘तुमचं नाव देऊ का, असा असा पेपर आहे’ असं विचारू नका. पेपर जर्नलकडे आला आहे ही गोष्टच गोपनीय आहे. विनंती पाठवणं हे संपादकाचं काम. तो तुमचं नाव घेईल किंवा घेणार नाही, तेही त्याचंच.

## ६. पत्ता आणि ओळख पक्की करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून बरेच जण गाळतात. गेल्या दशकात बनावट रिव्ह्यूअरचे मोठे घोटाळे झाले: खऱ्या किंवा काल्पनिक तज्ज्ञांच्या नावाने खोटे ईमेल पत्ते तयार केले जायचे आणि रिव्ह्यू भलतंच कुणी लिहायचं. मार्च २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाने अशा कारणाने ४३ पेपर मागे घेतले, आणि एप्रिल २०१७ मध्ये ‘ट्यूमर बायॉलॉजी’ या एकाच जर्नलमधले १०७ पेपर स्प्रिंगरने मागे घेतले. तेव्हापासून संपादक कुणीही सुचवलेला पत्ता तपासल्याशिवाय वापरायला कचरतात. तुम्ही प्रामाणिक आहात हे त्यांना पत्त्यावरूनच कळणार.

म्हणून संस्थेच्या पानावरचा किंवा ताज्या पेपरवर छापलेला पत्ता द्या. आपल्याकडे कितीतरी खरे प्राध्यापक जीमेल किंवा रेडिफमेल वापरतात, कारण महाविद्यालयाचा ईमेल चालतच नाही. असा पत्ता द्यावाच लागला तर तो ज्या पानावर सापडला त्याची लिंक सोबत जोडा. संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक असेल तर तोही द्या. सारख्या नावांची माणसं असतात तिथे तोच उपयोगी पडतो. पाटील, जाधव, कुलकर्णी अशा आडनावांत एकाच विषयात एकाच आद्याक्षरांची दोन माणसं सहज सापडतात.

तपासणी: प्रत्येक नावासमोर पाच गोष्टी आहेत का? पूर्ण नाव, विभाग आणि संस्था, तपासलेला ईमेल, कोणत्या भागासाठी, आणि तुमचा त्यांच्याशी असलेला किंवा नसलेला संबंध. एखाद्या नावाचा ईमेल सापडतच नसेल तर ते नाव वगळू नका. संस्थेच्या पानाची लिंक द्या आणि पत्ता तपासलेला नाही असं लिहा.

## ७. आता नकार पाठवा

कोणत्या प्रणालीत आहात त्यावर पुढचं अवलंबून आहे. एडिटोरियल मॅनेजरमध्ये `Decline to Review` निवडल्यावर अनेक जर्नलं कारण विचारतात आणि पर्यायी नावांसाठी वेगळी जागा देतात. स्कॉलरवनमध्ये `Declined` आणि `Unavailable` असे दोन वेगळे पर्याय दिसू शकतात. विषय तुमचा आहे पण सध्या वेळ नाही, असं असेल तर दुसरा निवडा, म्हणजे पुढच्या पेपरसाठी तुमचं नाव शिल्लक राहतं. ओपन जर्नल सिस्टिम्स विद्यापीठांच्या अनेक जर्नलांत असते. तिथे नकार देताना संपादकाला जायच्या पत्राचा मजकूर लिहिता येतो, आणि नावं त्यातच घालायची.

प्रणालीत जागा दिसली नाही, किंवा चुकून आधीच बटण दाबलं गेलं, तर विनंतीच्या ईमेलला उत्तर देऊन तीच नावं पाठवा. ईमेल स्वयंचलित पत्त्यावरून आला असेल तर जर्नलच्या संकेतस्थळावरच्या संपादकीय कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. विषयाच्या ओळीत पेपरचा क्रमांक घाला. शीर्षक पूर्ण लिहिण्याची गरज नाही.

प्राध्यापिकेचं पत्र असं झालं. इथे ते मराठीत देतो. प्रत्यक्षात जर्नलच्या भाषेत लिहायचं, आणि अ, ब, क यांच्या जागी पूर्ण नावं:

> आदरणीय संपादक,
>
> पेपर क्रमांक … च्या रिव्ह्यूसाठी विचारल्याबद्दल आभार. मे अखेरपर्यंत मी क्षेत्रकामावर असल्याने दिलेल्या मुदतीत रिव्ह्यू करू शकणार नाही. लेखकांशी माझा कोणताही हितसंबंध नाही. मी पूर्ण पेपर पाहिलेला नाही, खालील सूचना फक्त सारांशावरून आहेत.
>
> डॉ. अ, भूशास्त्र विभाग, … विद्यापीठ. कठीण खडकातल्या भूजलाच्या रसायनाचा भाग तपासू शकतील. ईमेल संस्थेच्या पानावरून घेतला आहे: … माझा त्यांच्याशी परिचय नाही.
>
> डॉ. ब, … संस्था. अंदाज बांधणाऱ्या मॉडेलचा आणि त्याच्या पडताळणीचा भाग. ऑर्किड: … ईमेल त्यांच्या ताज्या पेपरवरून: … माझा परिचय नाही.
>
> डॉ. क, … वैद्यकीय महाविद्यालय. मुलांच्या मात्रेचा हिशोब. ईमेल: … चार वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत आम्ही दोघीही वक्त्या होतो, एकत्र संशोधन केलेलं नाही.
>
> यांच्यापैकी कुणाशीही मी या पेपरबद्दल बोललेले नाही. मॉडेलच्या भागासाठी रिव्ह्यूअर मिळणं अवघड जात असेल तर डॉ. ब यांना आधी विचारावं असं सुचवते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी इतर पेपरसाठी उपलब्ध आहे.

हे पत्र लांब वाटेल, पण यातली प्रत्येक ओळ संपादकाचा एकेक शोध वाचवते. ‘परिचय नाही’ आणि ‘या पेपरबद्दल बोललेले नाही’ ही दोन वाक्यं लोक बहुतेक विसरतात. ती नसली की संपादकाला स्वतः तपासावं लागतं. कारण सांगताना घरगुती अडचणींचा तपशील देण्याची गरज नाही. ‘या मुदतीत शक्य नाही’ एवढं पुरतं. उपलब्धतेची तारीख मात्र खरी द्या. शिष्टाचार म्हणून ‘पुढच्या वेळी नक्की’ लिहिलं तर पुढच्या महिन्यात खरोखर विनंती येते.

दोन आठवडे जास्त मिळाले तर रिव्ह्यू जमणार असेल, तर नकाराआधी मुदतवाढ विचारा. पण ते खरोखर जमणार असेल तरच.

## ८. आधीच होकार दिला असेल तर

होकारानंतर हितसंबंध लक्षात आला किंवा आजारपण आलं, तर प्रणालीतलं बटण शोधत बसू नका. थेट संपादकाला लिहा आणि त्याच दिवशी लिहा. नावं वरच्याच पद्धतीने द्या. फरक इतकाच की आता पूर्ण पेपर तुमच्याकडे आहे. उतरवून घेतलेली फाइल आणि छापलेली प्रत नष्ट करा, आणि काढलेली टिपणं सुचवलेल्या माणसाला देऊ नका. टिपणं उपयोगी वाटत असतील तर ती पाठवावीत का, हे संपादकाला विचारा. निर्णय त्याचा.

## ९. पाठवल्यानंतर

बहुतेक वेळा उत्तर येत नाही. तुम्ही सुचवलेल्यांपैकी कुणालाच विचारलं गेलं नाही, असंही होतं. संपादकाकडे त्याची स्वतःची यादी असते, आणि तिन्ही नावं एकाच ठिकाणाहून आलेली नकोत म्हणून तो मुद्दाम एकच उचलतो. चौकशीचा ईमेल पाठवू नका.

कधी संपादक उलट विचारतो, ‘डॉ. ब यांचं उत्तर नाही, आणखी कुणी आहे का?’ तेव्हा गाळणीत गळलेल्या नावांकडे जाण्याआधी ती का गळली होती ते पुन्हा पाहा. ज्याला भूगोलाशी संबंधित आकडेवारीचा अनुभव नाही म्हणून वगळलं, तो आता घाईत योग्य होत नाही. ‘याहून योग्य नाव माझ्याकडे नाही’ हेही उपयोगी उत्तर आहे.

आणि एखाद्या परिषदेत सुचवलेली व्यक्ती भेटून म्हणाली, ‘मॅडम, मला त्या जर्नलकडून फ्लोराइडचा पेपर आला, तुम्हीच नाव दिलंत ना?’, तर हो किंवा नाही यातलं काहीच सांगू नका. रिव्ह्यू चालू असताना त्या पेपरवर दोघांत चर्चा सुरू झाली, तर त्यांचं मत स्वतंत्र राहत नाही. ‘अशा विनंत्यांबद्दल मी बोलत नाही’ असं म्हणून विषय बदला.